गार खायचा डबा

डिसेंबर लागला की रविवारी पहाटे जेसोर रोडवर सहलीच्या बसगाड्यांची रांग सुरू होते. टपावर मोठमोठी पातेली, मागच्या बाजूला गॅसचा सिलिंडर, एका कोपऱ्यात तांदळाचं पोतं आणि सगळ्यांवर मात करणारा लाउडस्पीकर. बंगाली पिकनिक म्हणजे तिथे जाऊन चूल मांडणं. दुपारी दोन-अडीचला गरमागरम भात आणि मटणाचा रस्सा पानात पडला नाही तर ती पिकनिकच नव्हे. त्यामुळे गार खायचं असं काही असेल तर ते फक्त सकाळच्या पाकिटात: दोन स्लाइस पाव, उकडलेलं अंडं, केळं, एक कमला लेबू (म्हणजे आपलं संत्रं) आणि जयनगरचा मोया. वर्षानुवर्षं तेच पाकीट आणि त्यातला पाव वर्षानुवर्षं तसाच परत येतो.

मी नागेरबाजारजवळच्या गल्लीत घरगुती डबे करते. माहेर साताऱ्याचं. लग्नानंतर इथे आले आणि इथलीच झाले. सुरुवातीला या सकाळच्या पाकिटाला पर्याय म्हणून लोक माझ्याकडे यायचे. आता वेगळी मंडळी येतात: पक्षी बघायला जाणारे, दिवसभर चालणारे, चूल-पातेलं काहीही न नेणारे. त्यांना दुपारचं जेवणही गारच हवं असतं, आणि तेही हातात धरून खाता येईल असं. प्लास्टिकचे चमचे आणि ताटल्या १ जुलै २०२२ पासून बंदच झाल्या, त्यामुळे चमच्याचा प्रश्न सरकारनेच सोडवून टाकला. उरला प्रश्न पदार्थाचा.

या कामात मी एकच चाळणी लावते. गरम खायचा पदार्थ गार झाला, आणि पदार्थ मुळातच गार खायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहलीच्या डब्यात पहिला प्रकार नको. गुळपोळी, सांज्याची पोळी, दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, कडा पाकाचा संदेश हे सगळे गार होण्याची वाट बघून खायचे पदार्थ आहेत. लुची, बटाटेवडा, भजी, डोसा, पिझ्झा हे सगळे पहिल्या प्रकारातले. ते ताटात येतानाच त्यांचं आयुष्य सुरू होतं आणि वीस मिनिटांत संपतं.

गिऱ्हाइकाचं मन मात्र लुचीवर असतं. "बौदी, लुची-आलुर दम दाओ ना," हे दर हिवाळ्यात ऐकते. म्हणून लुचीचं काय होतं ते सांगते. लुची मैद्याची, पातळ लाटलेली, मोहन बेताचं. तळताना आत वाफ कोंडून ती फुगते, आणि तिची सगळी मजा त्या वाफेत असते. बाहेर काढल्यावर वाफ निघून जाते, दोन पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि तासाभरात ती चामट होते. दाताने ओढावी लागते. यामागे पिठातल्या स्टार्चचा स्वभाव आहे. शिजताना तो पाणी पिऊन फुगतो, गार होताना त्याचे रेणू पुन्हा जवळ सरकून घट्ट रचले जातात आणि प्यायलेलं पाणी सोडायला लागतात. मैद्यातलं ग्लूटेन त्यात ताण भरतं. ही घट्ट होण्याची क्रिया सगळ्यांत जोरात होते ती गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला, म्हणजे बरोबर फ्रिजमध्ये. रात्री पोळ्या करून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सकाळी गुंडाळून दिल्या, तर डब्यात शिळेपणा आपणच भरून दिला असं समजा.

त्याला उपाय दोन: स्निग्ध पदार्थ आणि दूध. पिठात मोहन नीट पडलं की तेलाचा थर पिठाच्या कणांभोवती बसतो, ग्लूटेनचे धागे लांब होत नाहीत आणि गार झाल्यावरही घास तुटतो. दुधातलं स्निग्ध आणि साखर दोन्ही तेच काम पुढे नेतात. दशमी पाण्याऐवजी दुधात भिजवतात ती यासाठी. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला दशम्याच निघत. दुसऱ्या दिवशीही त्या मऊ राहतात, हे कुणी पुस्तकात वाचून ठरवलेलं नव्हतं. ज्वारीच्या भाकरीचं तसं नाही. तिच्यात ग्लूटेनच नाही, त्यामुळे ती गार झाली की चामट न होता मोडते. चटणी आणि मुठीने फोडलेल्या कांद्याबरोबर डोंगरावर ती गोड लागते हे खरं, पण तिची गुंडाळी होत नाही, आणि डमडममध्ये ताजं ज्वारीचं पीठ मिळवायला मला बडाबाजार गाठावा लागतो.

स्निग्धाचाही प्रकार बघावा लागतो. कोलकात्यात जानेवारीच्या पहाटे पारा तेरा-चौदावर येतो, नदीवर त्याहून खाली वाटतो. त्या गारठ्यात साजूक तूप रवाळ होऊन थिजतं. तोंडात ते विरघळतं तरी, पण वनस्पती तूप टाळूला मेणासारखं चिकटून बसतं, पाणी प्यायलं तरी जात नाही. म्हणून हिवाळी डब्यात मी तेलच वापरते. पोळीत शेंगदाण्याचं, भाजीत सरसूचं. दोन्ही त्या थंडीत पातळ राहतात. सरसूच्या तेलाला गारपणीही वास असतो आणि बंगाली जिभेला तो हवाच असतो.

वासाची गोष्ट निघाली म्हणून चवीचं सांगते. गार अन्नाला वास कमी येतो, कारण वासाचे कण उडायला उष्णता लागते. गोडीही दबते. २००५ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये मांडलं की जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या पेशींतला एक मार्ग तापमान वाढलं की जास्त खुला होतो. वितळलेलं आइस्क्रीम अति गोड का लागतं ते यातून कळतं. स्वयंपाकघरात याचा अर्थ एवढाच की कढईतली भाजी चाखून मीठ ठरवायचं नाही. चमचाभर भाजी बशीत काढून, पसरून, पूर्ण गार करून मग चाखायची. गरम असताना 'बरोबर' वाटलेली भाजी गार झाल्यावर हटकून अळणी आणि मुकी लागते. मी मीठ नावापुरतंच वाढवते. खरा भर देते तो आंबटावर आणि भाजलेल्या मसाल्यावर: आमचूर, भाजलेलं जिरं, तीळ, लसूण. या चवी थंडीत फारशा दबत नाहीत. ताज्या कोथिंबिरीचा मात्र उपयोग नाही, ती दुपारपर्यंत काळी पडते आणि पाणीही सोडते.

आता एक ऑर्डर सुरुवातीपासून सांगते, म्हणजे हे सगळं कुठे लागतं ते दिसेल. जानेवारीतला रविवार, पंधरा माणसं, पूर्वस्थलीला पक्षी बघायला निघालेली. पूर्वस्थली पूर्व वर्धमान जिल्ह्यात, कटवा मार्गावर. स्टेशनवर उतरून टोटोने चुपीच्या काठावर जायचं. तिथे भागीरथीने आपला जुना मार्ग सोडून दिल्यामुळे घोड्याच्या नालेसारखं वळलेलं तळं उरलं आहे. हिवाळ्यात त्यावर लालसरी बदकांचे थवे उतरतात. बघायचं ते वल्ह्याच्या छोट्या होडीतून. एका होडीत तीन-चार माणसं, कडेला हात टेकवला तरी होडी कलते. गळ्यात दुर्बीण, मांडीवर कॅमेरा. खायची वेळ अकराच्या सुमारास, होडीतच, आणि मी पहाटे चारला चूल पेटवते. म्हणजे तव्यावरून उतरल्यापासून तोंडात जाईपर्यंत सहा-सात तास.

पहिला विचार तिखटमिठाच्या पुऱ्यांचा केला. चवीला त्याच सगळ्यांत चांगल्या, गार झाल्यावर अधिकच. पण पुरी तळलेली असते, कितीही निथळली तरी बोटांना तेल लागतं, आणि त्यात हळद. पक्षी बघणाऱ्याची बोटं दर दोन मिनिटांनी दुर्बिणीच्या चाकावर जातात. दुर्बिणीच्या काचेवर हळदीचं बोट उमटलेलं कुणालाच आवडणार नाही. कुटुंबाच्या सहलीला, जिथे गवतावर सतरंजी टाकून बसतात आणि हात धुवायला नळ असतो, तिथे मी पुऱ्याच देते. होडीसाठी मात्र दशमीची गुंडाळी ठरवली. तिला कागदाचं हँडल करता येतं, बोट अन्नाला लागतच नाही.

पंधरा माणसांना प्रत्येकी दोन, म्हणजे तीस दशम्या. त्यासाठी साधारण नऊशे ग्रॅम कणीक, साडेपाचशे मिलिलीटर तापवून कोमट केलेलं दूध, पाच-सहा मोठे चमचे तेल, दोन चमचे मीठ, चमचाभर साखर. तेल आधी कणकेला चोळायचं, मूठ वळून कणीक मुठीत क्षणभर टिकली म्हणजे मोहन पुरलं. मग थोडं थोडं दूध. पीठ पोळीपेक्षा किंचित घट्ट असावं. अर्धा तास झाकून ठेवून लाटायचं, तळहातापेक्षा जरा मोठं, आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंना तेल सोडून भाजायचं. दुधामुळे डाग लवकर पडतात, आच मोठी ठेवली तर वरून करपते आणि आतून कच्ची राहते.

भाजून झाल्यावरचा भाग भाजण्याइतकाच महत्त्वाचा आहे. गरम दशमी दशमीवर रचली तर खालची घामेजते आणि चिकट होते. उघडी टाकून पूर्ण गार केली तर कडा वाळतात. सुती कापडावर एकेक पसरायची, हाताला कोमट लागली की उचलायची आणि रचून त्याच कापडात गुंडाळायची. कोमट असताना कापड जास्तीची वाफ पिऊन घेतं आणि मऊपणा आत ठेवतं.

सारण बटाट्याचं. जानेवारीत इथे नवा बटाटा येतो, पातळ सालीचा, मेणचट. तो उकडल्यावर फुटत नाही आणि गार झाल्यावर पिठूळ लागत नाही. दीड किलो बटाटे आदल्या रात्री सालासकट उकडून, पाणी निथळून फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी सोलून वाटाण्याएवढे तुकडे. पोळीला फ्रिज वाईट, पण बटाट्याला तोच घट्टपणा उपयोगाचा: तुकडे नीट पडतात, लगदा होत नाही. सरसूचं तेल धुरावेपर्यंत तापवून जरा निववायचं, त्यात मोहरी, हिंग, ठेचलेली मिरची-लसूण, बटाटे, मीठ, आमचूर, भाजलेल्या जिऱ्याची पूड. कांदा-टोमॅटो नाही, दोन्ही पाणी सोडतात आणि भाजी लवकर आंबते. शेवटी चार-पाच चमचे शेंगदाण्याचं कूट. हे चवीसाठी कमी आणि ओल पिण्यासाठी जास्त. भाजी ताटात पसरून गार करायची. मग एक चमचा साध्या कागदावर ठेवायचा आणि पाच मिनिटांनी उचलायचा. तेलाचा पारदर्शक डाग उमटला तर चालेल. पण कागद ओलसर होऊन फुगला तर ती भाजी सहा तासांत दशमी भिजवून टाकणार. तिला परत कढईत घालायचं.

गुंडाळताना दशमीला आतून लसूण-तिळाची कोरडी चटणी, त्यावर दोन चमचे सारण, एका टोकाला दोन बोटं जागा सोडून. ते टोक आत दुमडून घ्यायचं, म्हणजे खालून सांडत नाही. वरून बटर पेपर, खालच्या टोकाला पीळ. खाताना वरचा कागद घासाघासाने सोलत जायचं. वर्तमानपत्राचा कागद मी वापरत नाही. छपाईच्या शाईमुळे त्यात अन्न बांधू नये असं एफएसएसएआयने २०१६ सालीच सांगितलं आहे, तरी मुढीवाल्याच्या ठोंग्यापासून मिठाईपर्यंत सगळीकडे तो दिसतो. केळीचं पान मिळालं तर ते सगळ्यांत छान, पण आचेवरून एकदा फिरवून नरम करावं लागतं, नाहीतर दुमडताना शिरेवर फाटतं.

अंड्यांवरून थोडा वाद झाला. बंगाली मंडळींना सकाळच्या पाकिटात अंडं हवंच. अंडं खरं तर फार सोयीचं, निसर्गानेच वेष्टन दिलेलं. पण होडीत सोललं की वास चौघांना येतो आणि टरफलं तळ्यात जातात. शेवटी अंडी गाडीत खायची असं ठरलं, आणि टरफलांसाठी वेगळी पिशवी दिली. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं आणि लगेच गार पाण्यात. जास्त उकडलं की बलकाभोवती हिरवट कडा येते. ती अपायकारक नसते, पण गंधकाचा वास वाढवते. मीठ-मिऱ्याची पुडी वेगळी.

गोडाला मला फारसं डोकं चालवावं लागत नाही, कारण बंगालची बहुतेक मिठाई गारच खायची असते. फक्त निवड करावी लागते. रसगुल्ला होडीत न्यायचा म्हणजे पाकाचा डबा न्यायचा. नरम पाकाचा संदेश दुपारपर्यंत बोटांना चिकटायला लागतो, कडा पाकाचा कोरडा आणि घट्ट राहतो. नलेन गुळाचा कडा पाक जानेवारीत उत्तम मिळतो. जयनगरचा मोया सगळ्यांना प्रिय (२०१५ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं), पण लाह्या आणि खवा असल्यामुळे तो चुरा होतो. पिकनिकला ठीक, होडीत मांडीभर सांडतो. त्या दिवशी संक्रांत जवळ होती आणि हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातल्या ओळखीच्या बायकांसाठी मी गुळपोळ्या करतच होते, म्हणून प्रत्येकाला अर्धी अर्धी गुळपोळी दिली. तिळाचा आणि भाजलेल्या बेसनाचा गूळ गार झाल्यावर आत खुटखुटीत बसतो, काठापर्यंत पसरलेला असला की एकही घास कोरडा येत नाही. गरम गुळपोळीतला गूळ मात्र तोंड भाजतो. ती करून दुसऱ्या दिवशीच खावी.

आमच्या मजल्यावरच्या मासिमा डबे भरताना बघत होत्या. "ठांडा खाबार, शीतेर दिने?" त्यांनी नाक मुरडलं. मी एक गुंडाळी त्यांच्यासाठी बाजूला ठेवली आणि अकराच्या आधी उघडायची नाही असं बजावलं. दुपारी त्यांचा निरोप आला की सारणात जरा साखर असती तर बरं झालं असतं. बंगाली जिभेकडून याहून मोठी पावती मिळत नाही. होडीतून परत आलेल्यांची तक्रार वेगळी होती: दोन कमी पडल्या. पाण्यावरची थंडी भूक वाढवते. तेव्हापासून होडीच्या ऑर्डरला मी माणशी तीन धरते.

काही पदार्थ मी कितीही आग्रह झाला तरी देत नाही. त्यात पहिला भात. लिंबूभात, चित्रान्न, फ्राइड राइस, सगळेच मुठीने खाता येत नाहीत हे एक कारण, आणि दुसरं मोठं. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते उकळूनही मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात त्यातलं एक परत तापवूनही जात नाही. ओल्या नारळाची चटणी, पनीर, दह्यातलं काहीही, मेयोनीज लावलेली सँडविचं यांनाही तोच नकार. शिजलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा बत्तिसाच्या वर गेली तर एकच तास, हा सर्वसाधारण दंडक आहे. माझी बटाट्याची भाजी या दंडकाच्या पलीकडे जाते हे मला ठाऊक आहे. म्हणून ती फक्त कोरडी, आंबट घातलेली, पूर्ण गार करून भरलेली आणि फक्त पौष-माघाच्या थंडीत. ज्यांच्यासोबत लहान मूल किंवा आजारी माणूस असतं, त्यांना मी बटाटा काढून नुसती चटणी आणि गूळ-शेंगदाण्याचं सारण देते.

फेब्रुवारीच्या मध्यावर इथली हवा बदलते. दुपार तापते, हवेत ओल येते, आणि संध्याकाळपर्यंत डब्याच्या झाकणाखाली घाम दिसायला लागतो. तेव्हापासून पुढच्या डिसेंबरपर्यंत मी बटाट्याच्या गुंडाळीची ऑर्डर घेत नाही. कुणी मागितलीच, तर तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, अख्खी काकडी आणि संत्र्याऐवजी पेरू एवढंच मिळतं.